एकच तोंड, दोन उपचार: जोडीचा हिशेब

पायोरियाने हिरडी दातापासून सुटू लागली की दोहोंच्या मध्ये फट तयार होते. दंतवैद्य तिला पॉकेट म्हणतात. मिलिमीटरच्या खुणा असलेला बारीक प्रोब हलकेच आत सरकवून तिची खोली मोजतात. निरोगी हिरडीत प्रोब एक ते तीन मिलिमीटर जातो, आजार वाढलेला असेल तर पाच, सहा किंवा त्याहूनही खोल. यावरचा मूळ उपचार ठरलेला आहे: स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, म्हणजे दातावरचे आणि हिरडीखाली मुळावर बसलेले कीटण खरवडून काढून मुळाचा पृष्ठभाग गुळगुळीत करणे. त्यानंतर पॉकेटमध्ये डायोड लेझर फिरवला तर आणखी फायदा होतो का, हे कुणाला तपासायचे असेल तर चाचणी कशी आखायची?

पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो. रुग्णांचे दोन गट करायचे, एका गटाला नुसते स्केलिंग द्यायचे, दुसऱ्याला स्केलिंग आणि लेझर. पण हिरडीच्या आजारात माणसामाणसांतला फरक फार मोठा असतो. एकजण तंबाखू खातो, दुसऱ्याला मधुमेह आहे, तिसरा दिवसातून दोनदा मन लावून दात घासतो. सारखाच उपचार देऊनही एकाचे पॉकेट अडीच मिलिमीटरने भरून येते आणि दुसऱ्याचे जेमतेम एकाने. लेझरचा फायदा खरोखर असलाच तर तो मिलिमीटरच्या काही दशांशांचा असणार. माणसामाणसांतल्या या गदारोळात तो ऐकू यायचा असेल, तर दोन्ही गटांत पुष्कळ माणसे लागतात.

दुसरा मार्ग असा, की एकाच रुग्णाच्या तोंडाच्या एका बाजूला नुसते स्केलिंग करायचे आणि दुसऱ्या बाजूला स्केलिंगसोबत लेझर वापरायचा. लाळ तीच, आहार तोच, तंबाखू तीच, साखर तीच. बदलतो फक्त उपचार. याला स्प्लिट-माउथ रचना म्हणतात. मिशिगन विद्यापीठातले सिगर्ड रॅमफियोर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये हिरडीखालचे क्युरेटाज आणि पॉकेट काढून टाकणारी शस्त्रक्रिया यांची तुलना अशा पद्धतीने केली, तेव्हापासून हिरड्यांच्या संशोधनात ही रचना रुळली. पुढे दातांच्या खाचा बुजवणारे सीलंट, फिलिंगचे साहित्य, अक्कलदाढ काढण्याच्या पद्धती, ऑर्थोडॉन्टिक ब्रॅकेट अशा अनेक विषयांत ती पसरली. आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांतल्या एमडीएसच्या प्रबंधांतही ती आवडती आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. दीड-दोन वर्षांत शे-सव्वाशे रुग्ण जमवणे विद्यार्थ्याला जड जाते, वीस-पंचवीस जमवता येतात.

रचना चांगलीच आहे. गडबड होते ती प्रबंधाच्या ‘सांख्यिकीय विश्लेषण’ या परिच्छेदात. तोंड एकच ठेवले म्हणून दोन्ही बाजूंची मापे एकमेकांशी बांधलेली असतात. हे बंधन विश्लेषणात उतरले नाही तर चाचणीचा सगळा लाभ पाण्यात जातो किंवा त्याहून वाईट होते: नसलेला परिणाम दिसू लागतो. या दोन चुका एकमेकींच्या उलट दिशेने जातात. ‘सहसंबंध दुर्लक्षिला तर निकाल फुगतो’ हा पाठ केलेला नियम इथे अर्धाच खरा आहे.

आधी पहिली दिशा पाहू. समजावण्यासाठी मी दहा रुग्णांचे आकडे रचले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष चाचणीतले नाहीत. प्रत्येक आकडा म्हणजे त्या बाजूचे पॉकेट तीन महिन्यांत सरासरी किती मिलिमीटरने कमी झाले ते. क्रम दोन्ही ओळींत रुग्णांचाच आहे.

लेझरची बाजू: २.४, १.१, २.६, १.५, २.२, ०.९, २.५, १.२, १.९, १.७

नुसत्या स्केलिंगची बाजू: १.६, १.२, २.२, १.६, १.४, ०.८, २.०, १.४, १.३, १.५

लेझरच्या बाजूची सरासरी १.८ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूची १.५. फरक ०.३. इथपर्यंत कोणत्याही पद्धतीने गेलात तरी उत्तर तेच येते. प्रश्न आहे तो हा ०.३ किती विश्वासाचा, याचा.

हे वीस वेगवेगळे रुग्ण आहेत असे समजून साधा दोन गटांचा टी-टेस्ट लावला, तर फरकाची प्रमाण त्रुटी ०.२३ येते. टी १.३०, पी-मूल्य सुमारे ०.२१, आणि ९५ टक्के विश्वास मर्यादा उणे ०.१९ ते ०.७९. म्हणजे लेझरने काही साधले की नाही, सांगता येत नाही. आता जोडीने पाहा. प्रत्येक रुग्णाच्या दोन बाजूंची वजाबाकी करा: ०.८, −०.१, ०.४, −०.१, ०.८, ०.१, ०.५, −०.२, ०.६, ०.२. या दहा फरकांचे प्रमाण विचलन ०.३७, प्रमाण त्रुटी ०.१२, टी २.५४, पी-मूल्य सुमारे ०.०३, विश्वास मर्यादा ०.०३ ते ०.५७. आकडे तेच, सरासरी तीच, पण अनिश्चितता निम्म्यावर आली.

हे कसे घडले ते एका सूत्रात मावते. दोन मापांच्या वजाबाकीचा चलनांक, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, असा असतो:

```
Var(d) = s1² + s2² − 2 · r · s1 · s2
```

इथे r म्हणजे दोन्ही बाजूंमधला सहसंबंध. आपल्या आकड्यांत लेझरच्या बाजूचा चलनांक ०.३८०, दुसऱ्या बाजूचा ०.१५६ आणि r सुमारे ०.८१. शेवटचे पद दुप्पट ०.१९८ इतके भरते. ०.३८० अधिक ०.१५६ उणे ०.३९६ म्हणजे ०.१४०, आणि त्याचे वर्गमूळ हेच ते ०.३७. साधा टी-टेस्ट हे शेवटचे वजा पद शून्य धरतो. ज्याचे पॉकेट एका बाजूला चांगले भरते त्याचे दुसऱ्या बाजूलाही बऱ्यापैकी भरते, हा जो माणसाचा स्वतःचा वाटा आहे तो वजाबाकीत दोन्हीकडून निघून जातो. तो काढून टाकण्यासाठीच तर तोंड एक ठेवले होते. मग विश्लेषणात त्याला पुन्हा आत घेणे म्हणजे वर्षभराची मेहनत मागच्या दाराने परत करणे आहे.

दोन्ही बाजूंचा चलनांक सारखा असेल तर सूत्र आणखी सोपे होते: 2σ²(1 − ρ). यावरूनच रुग्णसंख्या ठरते. दोन गटांच्या चाचणीत प्रत्येक गटात ६० म्हणजे एकूण १२० माणसे लागणार असतील, तर ρ ०.५ असताना स्प्लिट-माउथला ३० माणसे पुरतात. ρ शून्य असला तरी ६० पुरतात, कारण प्रत्येकजण दोन मापे देतो. मात्र रुग्णसंख्येच्या गणितात ०.८ सारखा मोठा सहसंबंध आशेने घालू नये. माझ्या रचलेल्या आकड्यांत तो मुद्दाम मोठा ठेवला आहे, म्हणजे फरक डोळ्यांत भरावा. प्रत्यक्षात तो बरेचदा याहून कमी असतो, आणि निकाल काय मोजता यावरही बदलतो. आधीच्या चाचणीतून किंवा छोट्या पायलट अभ्यासातून मिळालेला आकडा घ्यावा आणि तो कुठून घेतला हे लिहावे.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. फिलिप ह्युजोएल आणि वॉल्टर लोश यांनी १९९० मध्ये या रचनेची कार्यक्षमता तपासली तेव्हा आजाराच्या सममितीचा मुद्दा पुढे आणला. दोन्ही बाजूंना सारखाच आजार असलेले रुग्ण मिळाले तरच ही बचत हाती लागते. उजवीकडे चार खोल पॉकेट आणि डावीकडे एकच, असा रुग्ण घेऊन चालत नाही. अट जितकी कडक, तितके ओपीडीतून परत पाठवावे लागणारे रुग्ण जास्त. गणितात वाचवलेली माणसे शोधाशोधीत खर्च होऊ शकतात.

आतापर्यंतचा हिशेब प्रत्येक बाजूला एकच आकडा धरून झाला. प्रत्यक्ष खुर्चीवर असे होत नाही. एका दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब घालतात, तीन गालाच्या बाजूने आणि तीन जिभेच्या किंवा टाळूच्या बाजूने. समजा, प्रत्येक रुग्णाच्या प्रत्येक बाजूला पाच मिलिमीटर किंवा त्याहून खोल अशा १२ जागा निवडल्या. दहा रुग्ण, दोन बाजू, बारा जागा: २४० मापे. एक्सेलच्या तक्त्यात २४० ओळी दिसल्या की हात शिवशिवतात. ओळी निवडायच्या, टी-टेस्ट लावायचा आणि ‘n = 120 per group’ असे लिहून टाकायचे. दुसरी चूक इथे होते.

एकाच बाजूच्या बारा जागा बारा साक्षीदार नसतात. त्या एकाच तोंडातल्या, एकाच दिवशी, एकाच हाताने उपचार केलेल्या, बहुधा शेजारशेजारच्या दातांवरच्या असतात. त्यातल्या एका जागेचे माप कळले की बाकीच्यांचा अंदाज येतो. म्हणून बारा जागा मिळून बारा इतकी माहिती देत नाहीत. जत्थ्याने नमुने घेणाऱ्या कोणत्याही सर्वेक्षणात असते तशीच ही अडचण, आणि इथे सहसंबंध विसरला तर पी-मूल्य खोटे लहान येते.

म्हणजे स्प्लिट-माउथमध्ये दोन सहसंबंध एकाच वेळी काम करत असतात. एक, एकाच बाजूच्या दोन जागांमधला. त्याला ρw म्हणू. दुसरा, एकाच रुग्णाच्या समोरासमोरच्या बाजूंवरच्या दोन जागांमधला. त्याला ρb म्हणू. पहिला अनिश्चितता वाढवतो, दुसरा घटवतो. दर बाजूला m जागा असतील, तर दोन बाजूंच्या सरासरींच्या वजाबाकीचा चलनांक एका रुग्णासाठी असा येतो:

```
Var(d) = (2σ² / m) × [ 1 + (m − 1)·ρw − m·ρb ]
```

चौकोनी कंसातला आकडा सगळे सांगून जातो. सगळ्या जागा स्वतंत्र मानणाऱ्या टी-टेस्टने तो एक धरलेला असतो. ρw आणि ρb दोन्ही ०.२ असतील तर m बारा असताना कंस १ + २.२ − २.४, म्हणजे ०.८ भरतो. अशा वेळी स्वतंत्र मानणारा टेस्ट उलट जास्त सावध असतो. पण ρw ०.२५ आणि ρb ०.१५ असेल तर १ + २.७५ − १.८, म्हणजे १.९५. आता तोच टेस्ट चलनांक जवळजवळ निम्मा दाखवतो. खरी प्रमाण त्रुटी त्याने दाखवलेल्या त्रुटीच्या सुमारे १.४ पट असते. दोन सहसंबंधांत केवळ ०.१ चा फरक, आणि निकाल सावधपणाकडून बेफिकिरीकडे गेला. जागांची संख्या वाढत जाते तसा हा फरक m पटीने मोठा होत जातो. म्हणूनच ‘सहसंबंध दुर्लक्षिला, पण चूक सुरक्षित बाजूला झाली असेल’ असे कुणी म्हटले तर ते मान्य करू नये. कोणत्या बाजूला झाली हे ρw आणि ρb मधली दरी ठरवते, आणि ती पाहिल्याशिवाय कळत नाही.

ही दरी येते कुठून? सगळ्यात महत्त्वाचे कारण म्हणजे लेझरचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. एखाद्याच्या लेझरच्या बाजूच्या बाराही जागा चांगल्या भरतात, दुसऱ्याच्या एकही नाही. असे असले की एका बाजूच्या जागा आपसांत जास्त सारख्या होतात आणि समोरच्या बाजूशी कमी. माणूस उजव्या हाताने घासत असल्याने एक बाजू नेहमी कमी स्वच्छ राहणे, एका बाजूने जास्त चावणे, डॉक्टरांचा हात एका बाजूला नीट न पोचणे, यांमुळेही तेच होते. शेवटच्या कारणासाठीच कोणत्या बाजूला लेझर मिळणार हे दर रुग्णासाठी चिठ्ठी काढून ठरवावे लागते. सगळ्यांच्या उजव्या बाजूला लेझर दिला, तर लेझर आणि उजवी बाजू यांची ताटातूट नंतर कोणतेही मॉडेल करू शकत नाही.

आता विश्लेषणात करायचे काय? सर्वांत सोपा आणि पूर्णपणे प्रामाणिक उपाय म्हणजे दर रुग्णाच्या दर बाजूची सरासरी काढायची आणि मग जोडीचा टी-टेस्ट लावायचा. बारा जागांचा एक आकडा झाला की ρw चा प्रश्न सरासरीत मिटतो, आणि वजाबाकीत ρb चा. ‘इतकी मापे घेतली आणि वापरली दहाच’ अशी खंत विद्यार्थ्यांना वाटते. पण मापे वाया गेलेली नसतात. प्रत्येक सरासरी अधिक नेमकी झाली, हाच त्यांचा उपयोग. चाचणीत माणसे दहाच आहेत, हे कोणत्याही पद्धतीने बदलत नाही.

जागांची संख्या बाजूबाजूला वेगळी असेल, जागेगणिक आरंभीची खोली हिशेबात घ्यायची असेल, किंवा मध्येच एखादा दात काढावा लागून जोडी तुटली असेल, तर मिश्र मॉडेल वापरावे. ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये ते असे लिहितात:

```
library(lmerTest)
m1 <- lmer(red ~ treat + (1 | patient), data = d)
m2 <- lmer(red ~ treat + (1 | patient/side), data = d)
```

या दोन ओळींतला फरक चार-पाच अक्षरांचा आहे, पण माझ्या मते स्प्लिट-माउथच्या विश्लेषणातली सगळ्यात जास्त न दिसणारी चूक याच अक्षरांत असते. m1 मध्ये फक्त रुग्णाचा यादृच्छिक परिणाम आहे. त्यामुळे एकाच तोंडातल्या कोणत्याही दोन जागा, मग त्या एका बाजूच्या असोत की समोरासमोरच्या, सारख्याच बांधलेल्या मानल्या जातात. म्हणजे ρw आणि ρb समान, दरी शून्य. मॉडेल ऐकायला भारदस्त, ‘मिक्स्ड इफेक्ट्स’ असे प्रबंधात लिहिलेलेही असते, तरी लेझरचा परिणाम माणसागणिक बदलतो ही गोष्ट त्यात नाही. m2 मध्ये रुग्ण आणि रुग्णाच्या आतली बाजू असे दोन थर आहेत, म्हणून दोन्ही सहसंबंध स्वतंत्रपणे मोजले जातात. सगळ्या बाजूंना सारख्या जागा असतील तर m2 चे उत्तर सहसा सरासरींवरच्या जोडीच्या टी-टेस्टशी तंतोतंत जुळते. पडताळणीसाठी याहून चांगला मार्ग नाही: दोन्ही चालवून पाहावे, आणि जुळले नाही तर का जुळले नाही ते शोधावे.

वाचकाला ही चूक ओळखायची असेल तर कोडही लागत नाही. मुक्तांश, ज्याला सगळे डीएफ म्हणतात, तेवढा पाहावा. आपल्या उदाहरणात दहा रुग्ण आहेत, म्हणून उपचाराच्या तुलनेचा डीएफ नऊच्या आसपास हवा. साध्या टी-टेस्टने २४० जागा घेतल्या तर २३८ छापलेला दिसेल, m1 मध्ये २२९. दहा माणसांच्या चाचणीत २२९ डीएफ दिसला की समजावे, जागांना माणसे मानले आहे.

काही संशोधक जीईई नावाची पद्धत वापरतात. रुग्णाला गट मानून मजबूत प्रमाण त्रुटी काढली तर आतला सहसंबंध कसाही असला तरी ती तत्त्वतः बरोबर येते. पण हे बरोबर येणे रुग्णांची संख्या मोठी असण्यावर अवलंबून आहे. वीस-तीस रुग्णांत ही त्रुटी कमी दाखवली जाते, आणि लहान नमुन्यासाठीची दुरुस्ती लावावीच लागते.

निकाल मिलिमीटरमध्ये नसून हो किंवा नाही असा असेल, तर हिशेबाचे रूप बदलते. याचे जुने आणि प्रसिद्ध क्षेत्र म्हणजे सीलंट. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोचत नाहीत आणि तिथेच कीड लागते. त्या खाचा चिकट रेझिनने बुजवायच्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात कॅलिस्पेल इथे हर्शेल होरोविट्झ आणि सहकाऱ्यांनी याच प्रकारे मुलांच्या जोडीच्या दातांपैकी एकाला सीलंट लावून दुसरा तसाच ठेवला आणि पाच वर्षे पाठपुरावा केला.

पुन्हा रचलेले आकडे घेऊ. शंभर मुले, प्रत्येकाची खालची पहिली दाढ दोन्ही बाजूंची, एकीला सीलंट. दोन वर्षांनी १० मुलांच्या दोन्ही दाढा किडल्या, ६५ मुलांची एकही नाही. २० मुलांत फक्त सीलंट नसलेली दाढ किडली आणि ५ मुलांत फक्त सीलंट लावलेली. म्हणजे सीलंटच्या बाजूला १५ टक्के कीड, दुसरीकडे ३० टक्के. जोडी विसरून काय-वर्ग टेस्ट लावला तर पी-मूल्य सुमारे ०.०११. मॅकनिमारचा टेस्ट फक्त त्या पंचवीस मुलांकडे पाहतो जिथे दोन दाढांनी वेगळे उत्तर दिले: वीस विरुद्ध पाच. पंधराचा वर्ग भागिले पंचवीस म्हणजे नऊ, पी-मूल्य ०.००३. ज्यांच्या दोन्ही दाढा किडल्या किंवा दोन्ही वाचल्या, ती पंचाहत्तर मुले सीलंट चांगले की नाही याबद्दल काहीच सांगत नाहीत. ती मुलांबद्दल सांगतात.

इथे ऑड्स रेशोचा घोटाळा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. जोडीचा ऑड्स रेशो म्हणजे ५ भागिले २०, ०.२५. दोन बाजूंच्या टक्क्यांवरून काढला तर १५/८५ भागिले ३०/७०, म्हणजे ०.४१. दोन्ही बरोबर आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. पहिला एका मुलाच्या तोंडातल्या दोन दाढांची तुलना करतो, दुसरा सगळ्या मुलांच्या सगळ्या दाढांची सरासरीने. दोन गटांच्या चाचण्यांतून जो आकडा येतो तो दुसऱ्या जातीचा असतो. म्हणून स्प्लिट-माउथ आणि दोन गटांच्या चाचण्या एकत्र करणाऱ्याने ०.२५ उचलून दुसऱ्या चाचणीच्या ऑड्स रेशोशेजारी ठेवला, तर सीलंट आहे त्यापेक्षा बलवान दिसेल. कॉक्रेनच्या सीलंटवरच्या आढाव्यात यासाठीच बेकर-बालागतास पद्धत वापरली जाते. तिच्यात आकडा दुसऱ्या जातीचा घेतात, पण त्याची प्रमाण त्रुटी जोडीच्या तक्त्यावरून काढतात.

आणि हे सगळे करता येते ते मूळ लेखात जोडीचा तक्ता छापला असेल तरच. ‘१५ टक्के विरुद्ध ३० टक्के’ एवढेच छापले तर १०, ५, २० आणि ६५ हे चार आकडे त्यातून परत मिळत नाहीत. मिलिमीटरच्या निकालातही तसेच. दोन बाजूंची प्रमाण विचलने दिली आणि फरकाचे दिले नाही, तर आढावा घेणाऱ्याला सहसंबंध अंदाजाने धरावा लागतो. आपल्या दहा रुग्णांसाठी त्याने ०.५ धरला तर फरकाचे प्रमाण विचलन ०.५४ येईल. खरे आहे ०.३७. चाचणी बरोबर केली, विश्लेषण बरोबर केले, आणि छापताना एक आकडा गाळला म्हणून तिचे वजन कमी झाले.

एक मर्यादा मात्र कोणतेही विश्लेषण ओलांडू शकत नाही. तोंडाच्या दोन बाजू भिंतीने वेगळ्या केलेल्या नाहीत. एका बाजूला क्लोरहेक्झिडिनची जेल लावली किंवा फ्लोराइडचे व्हार्निश, तर लाळ ते दुसऱ्या बाजूला नेणारच. उपचार न झालेल्या पॉकेटमधले जंतू उपचार झालेल्या बाजूला परत वस्तीला येऊ शकतात. दोन्ही गोष्टींनी बाजूंमधला फरक लहान होतो. ह्युजोएल आणि टिमथी डेरूएन यांनी १९९२ मध्ये वैधतेच्या ज्या शंका मांडल्या त्यांच्या मुळाशी हाच सांडण्याचा परिणाम होता, आणि त्यातली अडचण अशी की एकट्या स्प्लिट-माउथ चाचणीच्या आकड्यांवरून तो मोजता येत नाही. दोन्ही बाजू भिजलेल्या असतील तर कोरडी बाजू आणायची कुठून? २०१४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एकाच प्रश्नावरच्या दोन्ही प्रकारच्या चाचण्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा सरासरीने त्यांच्या निकालांत ठळक तफावत दिसली नाही. हा दिलासा आहे, पण सरासरीचा. पॉकेटच्या आत, एका जागी, थोडा वेळ काम करणाऱ्या लेझरसाठी तो पुरेसा वाटतो. लाळेत विरघळणाऱ्या जंतुनाशकासाठी मी त्यावर विसंबणार नाही, आणि पोटात घेतलेल्या औषधासाठी तर ही रचनाच लागू नाही.

अशा चाचण्या कशा लिहाव्यात यासाठी कॉन्सर्ट मार्गदर्शक तत्त्वांची एक खास पुरवणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. एकाच व्यक्तीच्या आत यादृच्छिक वाटप केलेल्या चाचण्यांसाठी ती आहे, आणि तिच्या लेखकांत निकोलाओस पांडिस आणि डग्लस ऑल्टमन आहेत. तिचा गाभा विश्लेषणाच्या परिच्छेदात उतरवला तर तो मराठीत साधारण असा वाचता येईल:

‘विश्लेषणाचे एकक रुग्ण आहे. दर रुग्णाची कोणती बाजू लेझरला, हे संगणकाने काढलेल्या यादृच्छिक यादीवरून ठरले. दर बाजूच्या पात्र जागांची सरासरी घट हा मुख्य निकाल धरला आणि त्यातील फरक जोडीच्या टी-टेस्टने तपासला. पूरक विश्लेषण म्हणून जागांच्या पातळीवर मिश्र मॉडेल लावले. त्यात रुग्ण आणि रुग्णातील बाजू असे दोन यादृच्छिक परिणाम घेतले व जागेची आरंभीची खोली समाविष्ट केली. फरकाची सरासरी, तिचे प्रमाण विचलन, ९५ टक्के विश्वास मर्यादा आणि दोन बाजूंमधील सहसंबंध दिला आहे. ज्यांची एक बाजू पाठपुराव्यात उपलब्ध नव्हती त्यांची संख्या कारणासह नोंदवली आहे.’

हा परिच्छेद चाचणी संपल्यावर लिहायचा नसतो. भारतातल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी करायची असते. रचना तिथे नोंदली जातेच, त्याच वेळी विश्लेषणाची योजनाही प्रोटोकॉलमध्ये पक्की केलेली असावी. आकडे पाहून टेस्ट निवडायची मुभा राहिली, तर ०.२१ आणि ०.०३ यांपैकी कोणता छापला जाईल हे सांगायला नको. आपल्या उदाहरणात ०.०३ बरोबर होता. पुढच्या चाचणीत २४० ओळींवरून आलेला ०.०३ चूक असू शकतो.

म्हणून ज्यांच्या हातात सध्या असा प्रबंध किंवा लेख आहे, त्यांना एक विनंती. हो-नाहीचा निकाल असेल तर जोडीचे चारही आकडे छापा. मिलिमीटरचा असेल तर फरकाचे प्रमाण विचलन छापा. आणि रुग्ण पन्नासाहून कमी असतील तर दर रुग्णाच्या दोन बाजूंचे आकडे परिशिष्टात तक्त्यातच द्या; रुग्णाची ओळख त्यातून उघड होत नाही आणि कागदाचे एक पान पुरते.